घराची सवय सोबत नेताना: विस्मरण सुरू झालेल्या व्यक्तीबरोबर तीन रात्रींच्या प्रवासाची आखणी

विस्मरण नुकतेच सुरू झालेली व्यक्ती स्वतःच्या घरात पुष्कळ सावरलेली दिसते आणि प्रवासाला निघाल्यावर पहिल्याच रात्री एकदम गोंधळते, तेव्हा घरच्यांना वाटते की आजार अचानक वाढला. बहुतेक वेळा तसे झालेले नसते. नवी गोष्ट मनात नोंदवून ठेवण्याचे काम मेंदूतील हिप्पोकॅम्पस आणि त्याला लागून असलेला भाग करतात. आपण कुठे आहोत आणि कोणत्या बाजूला काय आहे, हे भानही बरेचसे तेथेच राखले जाते, आणि अल्झायमरच्या आजारात बहुधा सर्वांत आधी धक्का बसतो तो याच भागांना. वर्षानुवर्षे हातवळणी पडलेल्या कृती मात्र मेंदूच्या दुसऱ्या भागांच्या आधाराने चालतात आणि बराच काळ टिकतात. त्यामुळे रात्री उठून न्हाणीघराकडे जाताना ती व्यक्ती रस्ता आठवत नसते, पाय आपोआप वळत असतात. चष्मा कुठे, गोळ्यांची डबी कुठे, दिव्याचे बटण कुठे, ही सगळी आठवण घरच तिच्या वतीने सांभाळत असते. प्रवासात नेमके ते घर मागे राहते.

मला हे कळले ते थोडे उशिरा. आई तेव्हा 73 वर्षांची होती आणि निदान होऊन आठ महिने झाले होते. घरात ती स्वतःचे सगळे स्वतः करीत असे, फक्त तोच प्रश्न दोन-तीनदा विचारी. मावशीला भेटायला आम्ही दोघी परगावी गेलो आणि एका निवासात उतरलो. रात्री अडीचच्या सुमारास दाराच्या कडीचा आवाज आला म्हणून मी उठले, तर आई बाहेरच्या लांब मार्गिकेत अनवाणी उभी होती आणि दुसऱ्याच कोणाच्या खोलीची मूठ फिरवत होती. तिच्यामागे आमचे दार आपोआप बंद झाले होते. ती भरकटली वगैरे नव्हती. आमच्या घरी तिच्या पलंगाच्या उजव्या हाताला न्हाणीघर आहे, आणि त्या खोलीत उजव्या हाताला बाहेरचे दार होते, एवढेच. काही अनर्थ घडला नाही, पण दुसरा सबंध दिवस ती भेदरलेली राहिली, आणि कशामुळे ते तिला सांगताही येत नव्हते. घटना विसरली जाते, तिची भीती मात्र मागे उरते.

त्यानंतरचा प्रवास आम्ही वेगळ्या पद्धतीने आखला. ती आखणी टप्प्याटप्प्याने पुढे दिली आहे. ती सुरुवातीच्या टप्प्यासाठी आहे, म्हणजे व्यक्ती घरात बहुतांश स्वावलंबी आहे, जवळच्यांना ओळखते आणि तिच्याशी विचारविनिमय करता येतो, असे येथे गृहीत धरले आहे.

जावे की नाही, याची चाचणी

जाण्याचा निर्णय तारखेवरून किंवा तिकिटावरून घेऊ नये, तो गेल्या महिन्याभरातील वागण्यावरून घ्यावा. दुसऱ्याच्या घरी दोन-तीन तास गेल्यावर ती व्यक्ती पुन्हा पुन्हा ‘घरी चल’ म्हणत असेल, रोजच्या वाटेवर चुकत असेल, रोज संध्याकाळी अस्वस्थ होऊन येरझाऱ्या घालत असेल किंवा नसलेली माणसे दिसतात असे सांगत असेल, तर रात्रीच्या मुक्कामाचा प्रवास टाळून भेटीला येणाऱ्यांनाच घरी बोलवावे. अशी लक्षणे नसली, तरी मोठ्या प्रवासाआधी जवळच्याच ठिकाणी एका रात्रीची तालीम करावी. तालमीत पाहायचे ते दोनच: रात्री उठल्यावर ती काय करते, आणि सकाळी जाग आल्यावर आपण कुठे आहोत हे समजायला तिला किती वेळ लागतो. पाच-दहा मिनिटांत आणि एकदा सांगून ते उमजत असेल, तर तीन रात्री झेपतील. दुपारपर्यंत गोंधळ टिकत असेल, तर झेपणार नाहीत. ही मोजपट्टी माझी आहे, डॉक्टरांची नव्हे. पण डॉक्टरांना विचारायला जाताना तालमीतील निरीक्षण हाताशी असले की त्यांनाही नेमके उत्तर देता येते. परदेशी जायचे असेल आणि प्रवासविमा घेणार असाल, तर निदान अर्जात नोंदवावे. लपवलेल्या आजाराचा दावा फेटाळला जातो.

दोन दिवसांची वही

निघण्यापूर्वी आठवडाभर आधी, घरातील कोणतेही दोन नेहमीचे दिवस निवडून त्या व्यक्तीचा दिनक्रम घड्याळ लावून लिहून काढावा. आपल्याला तो ठाऊकच आहे असे वाटते, पण तसे नसते. आईच्या वहीत ज्या नोंदी झाल्या, त्यांपैकी निम्म्या मला नव्या होत्या. ती सहा वाजून दहा मिनिटांनी उठते आणि दिवा न लावता आधी खिडकी उघडते. दात घासण्यापूर्वी चष्मा घालते. नाश्ता झाल्याशिवाय आंघोळीला जात नाही. दुपारी एक ते अडीच झोपते आणि उठवले नाही, तर स्वतःच उठते. साडेपाचनंतर तिचे प्रश्न वाढतात. झोपताना खोलीचे दार हातभर उघडे लागते. रात्री दोन ते तीनच्या दरम्यान एकदा उठते.

या वहीतून तीन प्रकारच्या गोष्टी वेगळ्या काढाव्यात. पहिला प्रकार बरोबर नेता येणाऱ्या वस्तूंचा: तिची उशी किंवा निदान तिचा वापरलेला अभ्रा, रोजचा कप, रोजचाच साबण, उशाशी असणारे घड्याळ, मंद दिवा. या वस्तू नव्या विकत घेऊ नयेत, कारण त्यांचा उपयोग त्या जुन्या आहेत म्हणूनच असतो. अभ्रा धुऊन इस्त्री करून घेऊ नये, हेही सांगून ठेवते. मी ती चूक केली होती. दुसरा प्रकार वेळांचा: उठणे, जेवणे, आंघोळ, दुपारची झोप आणि औषध या पाच वेळा प्रवासात अर्ध्या तासाहून अधिक हलू देऊ नयेत, बाकी सगळे हलले तरी चालेल. तिसरा प्रकार क्रमाचा, म्हणजे कशानंतर काय. हा सर्वांत दुर्लक्षिला जातो. परगावी सगळ्यांना लवकर बाहेर पडायचे असते म्हणून आईला नाश्त्याआधी आंघोळीला पाठवले, तर ती आंघोळ करून आल्यावर दिवस सुरू झाला आहे की संपला आहे, हेच तिला कळेनासे होते. वेळ थोडी चुकली तर निभावते, क्रम चुकला तर दिवस विस्कटतो.

तिला कधी आणि कसे सांगावे

सुरुवातीच्या टप्प्यातील व्यक्तीला न विचारता प्रवास ठरवणे अन्यायाचे आहे, आणि महिनाभर आधी सांगून रोज तोच प्रश्न ओढवून घेणे दोघांनाही जाचक आहे. म्हणून जायचे का आणि कोणाला भेटायचे, हे तिच्याशी बोलून ठरवावे. तारखा, गाडीच्या वेळा आणि बदल यांचा घोळ तिच्यासमोर घालू नये. निघण्याच्या दोन दिवस आधी एका कागदावर मोठ्या अक्षरांत चार ओळी लिहून तो तिच्या नेहमीच्या जागी ठेवावा: कुठे जातो आहोत, कोण बरोबर आहे, किती रात्री राहणार, कधी परत येणार. तिने विचारले की तोंडी उत्तराबरोबर तो कागद दाखवावा. काही वेळाने ती विचारण्याऐवजी कागदच पाहू लागते. शेवटची ओळ, म्हणजे परतीची, कधीही वगळू नये. वारंवार येणाऱ्या प्रश्नांच्या मुळाशी बहुधा तीच काळजी असते.

वाटेवर

प्रवासाची वेळ वहीवरून ठरते. आईचा सर्वांत चांगला काळ सकाळी आठ ते दुपारी एक हा असल्याने आम्ही पाच तासांची गाडी सकाळची घेतली, जरी दुपारची गाडी अधिक वेगवान होती. दिवस मावळताना नव्या ठिकाणी पोहोचणे शक्य तितके टाळावे. थकवा आणि कमी होणारा उजेड एकत्र आले की या आजारात गोंधळ वाढतो, आणि अनोळखी खोली अंधारात पहिल्यांदा पाहणे म्हणजे त्यात भर. गाडी बदलावी लागणार नाही असा मार्ग मिळत असेल, तर तो लांबचा असला तरी घ्यावा. स्वतःच्या गाडीने जात असाल, तर दर दीड-दोन तासांनी थांबावे, मागच्या दारांना मुलांसाठी असलेले कुलूप लावावे आणि ‘दोन मिनिटांत येतो’ म्हणून तिला गाडीत एकटे बसवून जाऊ नये.

चुकामूक होण्याची सर्वांत नेहमीची जागा म्हणजे सार्वजनिक स्वच्छतागृह. सोबतची व्यक्ती बाहेर उभी असते, आणि मोठ्या स्थानकांवरील किंवा विमानतळावरील काही स्वच्छतागृहांना दोन दारे असतात, हे तिच्या ध्यानात येत नाही. आत जाण्यापूर्वी दारे मोजावीत. शक्य असेल तेथे अपंगांसाठीचे स्वतंत्र स्वच्छतागृह वापरावे, कारण त्याला एकच दार असते आणि आई-मुलगा किंवा वडील-मुलगी अशा जोडीलाही तेथे बरोबर जाता येते. त्याच कारणाने, स्वतःला जायचे असेल तेव्हा तिला ‘इथेच बस’ असे सांगून विसंबू नये. ती आज्ञा ती पाळणार असते, पण तीन मिनिटांनी ती आज्ञाच आठवत नाही.

विमानाने जायचे असेल, तर ती चालू शकत असली तरी साहाय्यसेवा आधी नोंदवावी. बऱ्याच कंपन्या त्यासाठी 48 तास आधी सूचना मागतात. नोंदवताना ‘चालता येते, पण सूचना लक्षात राहत नाहीत, आम्हा दोघांना वेगळे करू नये’ एवढे स्पष्ट लिहावे, नाहीतर तपासणीच्या रांगेत तिला एकीकडे आणि तुम्हाला दुसरीकडे नेतात. सूर्यफुलांचे चित्र असलेला हिरवा गळपट्टा अनेक देशांतील विमानतळांवर मिळतो. 2016 मध्ये लंडनच्या गॅटविक विमानतळावर ही पद्धत सुरू झाली. बाहेरून न दिसणारी अडचण या व्यक्तीला आहे, एवढेच तो पट्टा प्रशिक्षित कर्मचाऱ्यांना सांगतो. त्यामुळे रांग चुकत नाही, पण कोणी खेकसत नाही.

ओळख: काय अंगावर, काय आपल्याकडे

ओळखीची कागदपत्रे आणि ओळखीची माहिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मूळ कागदपत्रे, तिकिटे आणि पैशांचा मोठा भाग सोबतच्या व्यक्तीने जवळ ठेवावा, आणि तपासणीच्या ठिकाणी ओळखपत्र दाखवायचे असेल तेव्हा तेवढ्यापुरते तिच्या हाती देऊन लगेच परत घ्यावे. तिच्या पाकिटात मात्र ओळखपत्राची छायाप्रत आणि थोडे पैसे असू द्यावेत. पाकीट रिकामे असले की माणूस ते शोधत राहतो, आणि ‘माझे पैसे कोणी घेतले’ येथपर्यंत गोष्ट जाते.

माहितीची चिठ्ठी मात्र पिशवीत नव्हे, अंगावरच्या कपड्यात हवी. पिशवी बाकावर राहते, खिसा राहत नाही. आम्ही पत्त्याच्या पानाएवढा जाड कागद घेतला, त्यावर प्लास्टिकचे आवरण चढवले आणि आईच्या रोजच्या स्वेटरच्या आतल्या खिशात तो टाचणीने अडकवला. मजकूर असा होता:

> मला काही गोष्टी आठवायला वेळ लागतो.
> कृपया माझ्याशी शांतपणे बोला आणि मला एकटे सोडू नका.
> माझ्याबरोबर माझी मुलगी आहे. तिचा फोन: …
> तिने उचलला नाही, तर माझा मुलगा: …
> आजचा मुक्काम: …
> औषधे आणि ॲलर्जी मागच्या बाजूला.

या सहा ओळींमागे काही विचार आहे. पहिला क्रमांक घरचा नसून बरोबर असलेल्या माणसाचा आहे, आणि तो फोन प्रवासात आवाज बंद करून ठेवायचा नाही. दुसरा क्रमांक अशा माणसाचा आहे, जो प्रवासात नाही. सीमा ओलांडायची असेल, तर दोन्ही क्रमांक देशाच्या सांकेतांकासह लिहावेत आणि तिकडच्या भाषेत दुसरी प्रत करावी. घरचा पत्ता मुद्दाम लिहिलेला नाही. चिठ्ठी आणि घराची किल्ली एकाच खिशात सापडणे बरे नव्हे. ‘स्मृतिभ्रंश’ हा शब्दही आईने काढायला लावला. चिठ्ठी तिच्या अंगावर असणार होती, त्यामुळे ती तिला पटेल अशीच असायला हवी होती, आणि पटली नसती तर तिने पहिल्याच दिवशी ती काढून टाकली असती.

चिठ्ठीतील मुक्कामाची ओळ प्रत्येक नव्या ठिकाणी बदलावी लागते, हे विसरू नये. त्याखेरीज रोज सकाळी बाहेर पडताना तिचे, त्या दिवशीच्या कपड्यांतले, पायापासून डोक्यापर्यंतचे छायाचित्र आपल्या फोनवर काढावे. हरवल्यावर ‘आज तिने कोणत्या रंगाचे काय घातले होते’ या साध्या प्रश्नाला घाबरलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही.

माग काढणाऱ्या उपकरणांबद्दल थोडक्यात. नाण्याएवढी ब्लूटूथ चकती आपले ठिकाण तेव्हाच कळवते, जेव्हा तिच्या आसपास जुळणारा एखादा फोन असतो. गर्दीच्या स्थानकात ती उपयोगी पडते, निर्जन रस्त्यावर नाही. स्वतःचे सिमकार्ड असलेला जीपीएस ट्रॅकर कोठेही नेटवर्क असेल तेथून ठिकाण कळवतो, पण त्याला बहुधा दर एक-दोन दिवसांनी चार्ज करावे लागते. दोन्हींपैकी काहीही लावण्यापूर्वी तिला सांगून तिची संमती घ्यावी. सुरुवातीच्या टप्प्यात ती देता येते, म्हणून तेव्हाच ती मागितली पाहिजे.

शांत मुक्काम म्हणजे नेमके काय

तीन रात्री तीन ठिकाणी राहण्याऐवजी तीनही रात्री एकाच खोलीत राहावे. नव्या खोलीची थोडीफार ओळख पटायला जेथे दोन दिवस लागतात, तेथे रोज खोली बदलली तर ती कधीच पटत नाही. नातेवाइकांचे घर की निवास, असा प्रश्न आला तर भरलेल्या घरापेक्षा जवळचे निवास मला बरे वाटते. दिवसा नातेवाइकांकडे जावे आणि ती दमली की परतायला जागा असावी. नातेवाइकांचे घर शांत असेल आणि तिच्या जुन्या परिचयाचे असेल, तर अर्थातच तेच उत्तम.

खोली नोंदवताना ‘शांत खोली द्या’ एवढे म्हणून भागत नाही. उद्वाहन, जिना आणि स्वयंपाकघर यांपासून दूर, खालच्या मजल्यावर, मार्गिकेच्या टोकाला, आणि पलंगावरून न्हाणीघराचे दार दिसेल अशी खोली मागावी. यांतील शेवटची अट सर्वांत महत्त्वाची आहे. फोनवर समोरचा माणूस बहुधा ‘हो’ म्हणतो; म्हणून खोलीचे छायाचित्र मागवून घ्यावे. आम्ही दुसऱ्या वेळी असे मागवले, तेव्हा पहिल्या खोलीत पलंग भिंतीच्या आड होता आणि न्हाणीघर दिसतच नव्हते. आम्ही दुसरी खोली घेतली.

पोहोचल्यावरचा पहिला अर्धा तास खोलीसाठी राखून ठेवावा, तेव्हा कोणाला भेटायला बोलावू नये. ती बसलेली असताना तिच्यासमोरच खोली लावावी. पलंगाची बाजू अशी निवडावी की न्हाणीघर घरात असते त्याच हाताला येईल. जमत नसेल तर पलंगाचे डोके-पाय बदलून पाहावे. त्या खोलीत आम्ही आईची उशी पायथ्याकडे ठेवली आणि उजवा हात न्हाणीघराकडे आणला. विचित्र दिसत होते, पण साधले. न्हाणीघरात मंद दिवा रात्रभर चालू ठेवून दार सताड उघडे ठेवावे. अंधारात उठलेली व्यक्ती उजेडाकडे जाते, आणि उजेड एकाच ठिकाणी असला तर वाट चुकायला जागा राहत नाही.

मग जमिनीकडे पाहावे. दारासमोरचे गडद पायपुसणे काही जणांना खड्ड्यासारखे दिसते आणि ते त्यावर पाय ठेवत नाहीत किंवा ओलांडायला जाऊन पडतात. ते उचलून ठेवावे. पलंगासमोर मोठा आरसा असेल आणि रात्री त्यातील प्रतिमेने ती दचकत असेल, तर त्यावर चादर टाकावी. गरम-थंड पाण्याचा एकच दांडा असलेला नळ घरच्या नळासारखा नसेल, तर आंघोळीचे पाणी आपणच लावून द्यावे. तो कसा फिरवायचा हे शिकवत बसू नये, कारण शिकवलेले सकाळपर्यंत राहणार नाही आणि पोळण्याचा धोका राहील.

बाहेरच्या दाराला आतून कुलूप घालून किल्ली लपवणे हा उपाय नव्हे. आग लागली तर दोघेही अडकतील. दार उघडले की वाजणारी, चिकटवता येणारी छोटी घंटा मिळते, ती लावावी आणि आपण दार व तिचा पलंग यांच्या मध्ये झोपावे. बाहेरून दाराच्या मुठीला तिच्या ओळखीची एखादी रंगीत फीत बांधली, तर दिवसा एकसारख्या दारांच्या रांगेत आपले दार तिला तिचे तिला सापडते. निवासाच्या स्वागतकक्षात रात्रपाळीच्या माणसाला एवढेच सांगून ठेवावे की या बाई एकट्या खाली आल्या, तर त्यांना बसवून घ्या आणि मला फोन करा.

औषधे, आणि एक धोका जो पुडीत लपतो

रोजची औषधे मूळ वेष्टनासह हातातल्या पिशवीत, मुक्कामापेक्षा दोन दिवसांची जास्त, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या प्रतीसह घ्यावीत. रिव्हास्टिग्मिन या विस्मरणावरच्या औषधाची त्वचेवर चिकटवायची पट्टी लावत असाल, तर जुनी काढल्याशिवाय नवी लावू नये. प्रवासाच्या गडबडीत दोन पट्ट्या एकदम अंगावर राहिल्या की मळमळ, उलट्या आणि नाडी मंदावणे, असा त्रास होऊ शकतो. काढलेली पट्टी वहीच्या त्या दिवसाच्या पानावर चिकटवून नंतर टाकावी, म्हणजे शंका राहत नाही.

खरा धोका औषधाच्या दुकानात सहज मिळणाऱ्या गोळ्यांचा आहे. गाडी लागते म्हणून किंवा नव्या जागी झोप येत नाही म्हणून दिल्या जाणाऱ्या अनेक गोळ्यांत डायफेनहायड्रॅमिन, डायमेनहायड्रिनेट किंवा प्रोमेथाझिन असते. स्मरणासाठी लागणाऱ्या ॲसिटिलकोलीन या द्रव्याचे काम ही औषधे अडवतात. डोनेपेझिल किंवा रिव्हास्टिग्मिन त्याच द्रव्याचा साठा टिकवण्यासाठी दिलेले असते, म्हणजे एक गोळी दुसरीच्या विरुद्ध ओढते. वयस्कर माणसाला अशा एका गोळीने रात्रभर भ्रम होऊ शकतो. गाडी लागण्यावर काय चालेल, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना नाव घेऊन विचारावे, आणि सहप्रवाशाने प्रेमाने पुढे केलेली गोळी नम्रपणे नाकारावी.

भेटणाऱ्यांना आधी काय सांगावे

मावशीच्या घरी पहिल्या वेळी जो आला, त्याने आईला हसत विचारले, ‘ओळखलंत का मला?’ आई हसून ‘हो’ म्हणे आणि मग तासभर गप्प बसे. दुसऱ्या वेळी मी मावशीला आधीच फोन केला. ती म्हणाली, “अगं, आम्ही थट्टेनं विचारतो, परीक्षा थोडीच घेतो!” मी म्हटले, “मावशी, तिला ती परीक्षाच वाटते.” मावशीने मग सगळ्यांना बजावून ठेवले की आल्याबरोबर आपले नाव आणि नाते स्वतः सांगायचे: ‘मी सुमन, तुझ्या धाकट्या बहिणीची सून.’ एका वेळी तीन-चार माणसे, एकच बोलणारा आणि बंद टीव्ही, एवढे जमले तर भेट रंगते. साडेपाचपर्यंत आम्ही खोलीवर परतत असू, कोणी कितीही आग्रह केला तरी.

संध्याकाळी तिने ‘आता घरी जाऊ’ म्हटले, तर ‘आपण कालच आलो, परवा जायचे आहे’ असा हिशेब मांडत बसू नये. तिला थकवा आला आहे किंवा भीती वाटते आहे, एवढाच त्याचा अर्थ असतो. ‘हो, जायचेच आहे. परवा सकाळची गाडी आहे. तोवर मी इथेच आहे’ असे म्हणून कागदावरची शेवटची ओळ दाखवावी आणि वहीत लिहिलेल्या क्रमातील पुढचे काम, कपडे बदलणे किंवा पांघरूण काढणे, तिच्याच हातात द्यावे.

बिघडले तर

दृष्टीआड झाल्यास पहिली 15 मिनिटे जेथे शेवटचे पाहिले तेथून सुरू करून जवळपासच शोधावे. एकाने त्या जागी थांबावे, दुसऱ्याने शोधावे. एकटे असाल तर कर्मचाऱ्यांना थांबवून सकाळचे छायाचित्र दाखवावे. तेवढ्या वेळात सापडली नाही, तर संकोच न करता पोलिसांना कळवावे आणि विस्मरणाचा आजार आहे हे पहिल्याच वाक्यात सांगावे.

दुसरी वेळ ओळखणे अधिक कठीण असते. नव्या जागेमुळे होणारा गोंधळ संध्याकाळी वाढतो, समजूत घातली की ओसरतो आणि रोज थोडा कमी होतो. पण काही तासांत एकाएकी ती ओळखेनाशी झाली, वाक्य पूर्ण करता येईना, गुंगीत जाऊ लागली किंवा क्षणात ठीक आणि क्षणात भ्रमिष्ट असे होऊ लागले, तर तो प्रवासाचा परिणाम समजून थांबू नये. लघवीचा संसर्ग, शरीरातील पाणी कमी होणे, बद्धकोष्ठ किंवा नवे औषध यांमुळे असे होते आणि त्यावर त्याच दिवशी उपचार हवा असतो. प्रवासात वयस्कर माणसे स्वच्छतागृह नको म्हणून पाणी कमी पितात, हे तर नेहमीचेच. त्यामुळे किती वेळा पाणी प्यायले, ही नोंदही वहीत ठेवावी. डॉक्टरांसमोर ‘कालपर्यंत अशी नव्हती’ हे वाक्य आणि ती वही, दोन्ही पुढे करावीत.

परत आल्यावर

घरी पोहोचल्यावर आधी तिची खोली लावावी, आपले सामान नंतर. उशी, घड्याळ, कप, दिवा ज्या जागेवरून उचलले होते तेथेच ठेवावेत. पहिले एक-दोन दिवस ती घरातही थोडी चाचपडते, तेव्हा पाहुणे आणि बाहेरची कामे टाळावीत. चिठ्ठीतील मुक्कामाची ओळ खोडून टाकावी. शेवटी वहीत तीन रात्रींची नोंद पुरी करावी. आमच्या वहीत तिसऱ्या रात्रीची नोंद अशी आहे: ‘2.40 ला उठली, न्हाणीघरात गेली, परत आली. घंटा वाजली नाही.’